'उज्वल' यश आणि 'कोट्याधीश' माणूस: संधी नेमकी कुठे चुकते?

दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकात फ्लेक्स झळकतात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अभिनंदनाच्या पोस्ट सुरू होतात. त्यातल्या कितीतरी पोस्टमध्ये 'उज्वल यश' असं लिहिलेलं असतं. एक ज कमी. मग कधीतरी कुणाला लॉटरी लागल्याची बातमी फिरते आणि तो माणूस एका रात्रीत 'कोट्याधीश' होतो. इथे एक काना जास्त.

दोन्ही चुका वरवर सारख्याच वाटतात. पण पहिली चूक व्यंजनसंधीची आहे आणि दुसरी स्वरसंधीची. या दोन्ही संधींमध्ये घडतं ते अगदी वेगळं असतं. शाळेत दीर्घ, गुण, वृद्धी, यण अशी नावं पाठ करून घेतली जातात. परीक्षा संपली की नावं विसरतात आणि त्यांच्यासोबत नियमही जातात. म्हणून नावं थोडी बाजूला ठेवून, शब्द जोडले जातात तेव्हा तोंडात काय होतं तेवढंच बघू.

आधी सांधा शोधा

संधी म्हणजे सांधा. दोन शब्द किंवा शब्दाचे दोन भाग एकमेकांना चिकटतात, तेव्हा पहिल्याचा शेवटचा उच्चार आणि दुसऱ्याचा पहिला उच्चार समोरासमोर येतात. बदल होतो तो या दोन उच्चारांच्या जागी. बाकीचा शब्द जसाच्या तसा राहतो.

त्यामुळे संधी कोणती हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: पहिला भाग कशावर संपतो? तो स्वरावर संपत असेल आणि दुसरा भागही स्वरानेच सुरू होत असेल, तर ती स्वरसंधी. पहिला भाग व्यंजनावर संपत असेल, तर ती व्यंजनसंधी. मग दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला स्वर असो की व्यंजन. आणि पहिल्या भागाच्या शेवटी विसर्ग असेल (मनः, निः वगैरे), तर ती विसर्गसंधी. तिचा हिशेब वेगळा आहे आणि तो इथे घेतलेला नाही.

प्रश्न सोपा आहे, पण मराठी माणसाला त्याचं उत्तर देताना हमखास अडचण येते. कारण आपण जे बोलतो आणि लिहितो त्यात हा सांधा झाकला जातो.

'गणेश' आणि 'जगदीश' ही दोन नावं घ्या. दोन्हींत दुसरा भाग 'ईश' आहे. मग एकात 'ए' आला आणि दुसऱ्यात 'दी' कुठून आला? आपण बोलताना 'गण' हा शब्द 'गण्' असाच म्हणतो. शेवटचा अ कानाला ऐकू येत नाही. पण तो तिथे आहे. 'गण'चा शेवट अ या स्वरावर होतो, त्या अ-ला ईश-मधला ई भेटतो आणि दोघांचा मिळून ए होतो. गण + ईश = गणेश. ही स्वरसंधी.

'जगत'चं बरोबर उलटं आहे. मूळ संस्कृत शब्द 'जगत्' असा, पाय मोडलेल्या त-चा. मराठीच्या लेखननियमांप्रमाणे असे शब्द लिहिताना पाय मोडत नाहीत, म्हणून आपण जगत, विद्युत, कदाचित, अर्थात असं लिहितो. त्यामुळे डोळ्यांना वाटतं की 'जगत'च्या शेवटीही 'गण'सारखा अ आहे. तसं असतं तर त्या देवाचं नाव 'जगतेश' झालं असतं. पण सांध्यावर आहे तो नुसता त्. त्याच्यापुढे ई आला की त्-चा द् होतो. जगत् + ईश = जगदीश. ही व्यंजनसंधी.

म्हणजे एके ठिकाणी असलेला अ ऐकू येत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी नसलेला अ लिहिलेला दिसतो. संधी सोडवताना लोक गडबडतात ते बहुतेक वेळा इथेच. नियम नंतर, आधी शब्दाचं मूळ रूप गाठायचं.

स्वर भेटले की: एकजीव किंवा रूपबदल

दोन स्वर एकापाठोपाठ सुटे म्हणायला जीभ कंटाळते. 'लक्ष अधीश' सावकाश म्हणून बघा, मध्ये श्वास अडखळतो. यावर संस्कृतनं दोन मुख्य तोडगे काढले. एक तर दोन्ही स्वर मिळून एकच स्वर करायचा, नाहीतर पहिल्या स्वराला अर्ध्या व्यंजनाचं रूप द्यायचं.

'कोट्याधीश'ची चूक कळायला हे दोन्ही तोडगे शेजारी ठेवावे लागतात. 'लक्ष'चा शेवट अ, 'अधीश'ची सुरुवात अ. एकाच जातीचे दोन स्वर भेटले की ते एकजीव होऊन दीर्घ होतात. अ आणि अ मिळून आ. म्हणून लक्ष + अधीश = लक्षाधीश. इथला काना दोन अ-च्या बेरजेतून आलेला आहे.

आता कोटीकडे वळा. मराठीत आपण 'कोटी' दीर्घ लिहितो, पण मूळ शब्द 'कोटि' असा ऱ्हस्व आहे. त्याचा शेवट इ-वर होतो आणि समोर 'अधीश'चा अ आहे. इ आणि अ वेगवेगळ्या जातीचे, त्यांची बेरीज होऊन काना तयार होत नाही. इथे दुसरा तोडगा लागू होतो: इ-चा य् होतो आणि पुढचा अ आपल्या जागी तसाच राहतो. कोट् + य् + अधीश = कोट्यधीश. काना यायला इथे कारणच नाही. लक्षाधीशाची सवय कानात बसलेली असते, तिच्या चालीवर कोटीलाही काना लावला जातो.

(अब्जाधीश मात्र बरोबर आहे. अब्ज + अधीश, पुन्हा अ आणि अ.)

याच मापानं 'अत्याधिक' तपासता येतं. 'अति'च्या शेवटी इ, 'अधिक'च्या सुरुवातीला अ. इ-चा य् झाला, अ तसाच राहिला: अत्यधिक. पण लॉकडाउनमध्ये रोज ऐकलेली 'अत्यावश्यक सेवा' बरोबर होती. तिथे दुसरा शब्द 'आवश्यक', म्हणजे तो आ-नेच सुरू होतो. यातून एक सोपी खूण मिळते. अशा शब्दात 'त्य', 'ध्य', 'ट्य' यांच्यावर जी मात्रा किंवा काना दिसतो, तो दुसऱ्या शब्दाचा स्वतःचा पहिला स्वर असतो. अत्यंत (अंत), अत्याचार (आचार), अत्युत्तम (उत्तम), प्रत्येक (एक), अध्यादेश (आदेश). य सोडून उरलेला दुसरा शब्द म्हणून बघा. 'अत्याधिक'मधून 'आधिक' निघतो. असा शब्द आपण वापरत नाही, म्हणजे चूक पकडली गेली.

सरकारी पत्रांतलं 'उपरोक्त' याच प्रकारातलं. पत्राची सुरुवात पुष्कळदा 'उपरोक्त विषयान्वये' अशी होते. मूळ शब्द 'उपरि' आणि 'उक्त', म्हणजे वर सांगितलेलं. इ-समोर उ आला की इ-चा य् व्हायला हवा, म्हणून शब्द होतो 'उपर्युक्त'. 'उपरोक्त' तयार व्हायला पहिला शब्द 'उपर' असा अकारान्त लागेल, आणि संस्कृतात या अर्थाचा शब्द उपरि आहे. गंमत अशी की त्याच ओळीतला पुढचा शब्द अगदी नियमात बसतो. विषय + अन्वये, अ आणि अ मिळून आ. आणि 'अन्वय' स्वतः अनु + अय असा झाला आहे. इ-चा जसा य् होतो, तसा उ-चा व् होतो. सु + आगत = स्वागत, हेही तसंच. 'उपरोक्त' मराठीत इतकं रुळलं आहे की ते लिहिणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण परीक्षेत संधी सोडवायला दिली, तर उत्तर उपरि + उक्त = उपर्युक्त हेच.

एकाच जातीचे स्वर भेटले की दीर्घ होतात, हा नियम वाटतो त्याहून जास्त कामाचा आहे. 'परिक्षा', 'प्रतिक्षा', 'अधिक्षक' अशी ऱ्हस्व रूपं पाट्यांवर आणि पोस्टमध्ये सर्रास दिसतात. तिन्ही शब्दांत ईक्ष, म्हणजे 'पाहणं' हा धातू लपला आहे. परि + ईक्षा = परीक्षा. प्रति + ईक्षा = प्रतीक्षा. अधि + ईक्षक = अधीक्षक. इ आणि ई मिळून ई, म्हणून वेलांटी दीर्घ. 'परिणाम', 'प्रतिक्रिया', 'अधिकारी' यांत पुढे व्यंजन येतं, बेरजेला दुसरा स्वरच नाही, म्हणून तिथली वेलांटी ऱ्हस्व राहते. कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ हे पाठ करण्यापेक्षा पुढे 'पाहणं' आहे का, एवढं विचारलं की काम होतं.

उरलेल्या स्वरसंधी जिभेवर इतक्या बसलेल्या आहेत की त्यांत फारसं कुणी चुकत नाही. अ किंवा आ-ला इ भेटला की ए (ईश्वर + इच्छा = ईश्वरेच्छा), उ भेटला की ओ (सूर्य + उदय = सूर्योदय), ऋ भेटला की अर् (महा + ऋषि = महर्षी). ए किंवा ऐ भेटला तर ऐ (मत + ऐक्य = मतैक्य), आणि ओ किंवा औ भेटला तर औ (वन + औषधी = वनौषधी). ही सवय इतकी पक्की आहे की संस्कृतबाहेरच्या शब्दांनाही ती लागते. 'जिल्हा' अरबीतून आला, 'शहर' फारसीतून. तरी आपण बिनदिक्कत जिल्हाधिकारी आणि शहराध्यक्ष म्हणतो.

व्यंजनं भेटली की: शेजाऱ्याचा गुण

स्वरसंधीत दोघांचं मिळून काहीतरी नवं होतं किंवा पहिला रूप बदलतो. व्यंजनसंधीत तडजोड बहुतेक एकतर्फी असते. पुढचा उच्चार आपला हट्ट सोडत नाही आणि मागचं व्यंजन त्याच्यासारखं व्हायला जातं.

हे दिसायला बालवाडीच्या भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता पुरतो. त्यात क ते म पर्यंतची पंचवीस व्यंजनं पाच ओळींत असतात. क ख ग घ ङ ही पहिली ओळ, मग च-ची, ट-ची, त-ची आणि प-ची. एका ओळीतली सगळी अक्षरं तोंडात एकाच जागी तयार होतात. त थ द ध न म्हणताना जीभ दातांनाच लागते. ओळीतली पहिली दोन अक्षरं कठोर, पुढची दोन मृदू आणि शेवटचं नाकातून येणारं, म्हणजे अनुनासिक. कठोर आणि मृदू यांतला फरक घशावर बोट ठेवून कळतो. 'द्' म्हणताना घसा थरथरतो, 'त्' म्हणताना नाही. य, र, ल, व, ह आणि सगळे स्वर मृदूंच्याच बाजूचे. श, ष, स कठोरांच्या बाजूचे.

आता 'उत्' हा एकच उपसर्ग घेऊन तक्त्यावर फिरवू. वर, उंच, बाहेर असा त्याचा अर्थ. (संस्कृत व्याकरणात तो 'उद्' असा नोंदवतात. मराठी शालेय पुस्तकं 'उत्' घेतात, तेच इथे घेतलं आहे.)

पुढे कठोर उच्चार आला तर त् बहुधा हलत नाही: उत्कर्ष, उत्पादन, उत्सव, उत्तीर्ण. पुढे मृदू उच्चार किंवा स्वर आला की तो आपल्याच ओळीत दोन घरं पुढे सरकतो आणि द् होतो: उद्गार, उद्घाटन, उद्भव, उद्योग, उद्रेक. आणि स्वरापुढे उदय (उत् + अय), उदाहरण (उत् + आहरण). पुढे न किंवा म आला तर तो ओळीच्या टोकापर्यंत जाऊन न् होतो: उन्नती, उन्माद. जगत् + नाथ = जगन्नाथ हा तोच प्रवास.

आतापर्यंत त् आपली ओळ सोडत नव्हता. पण पुढे च किंवा ज आला तर जिभेला दातांवरून मागे टाळूकडे धावावं लागतं. ही धावपळ टाळायला त् ओळच बदलतो. च-पुढे तो च् होतो: उत् + चार = उच्चार. ज मृदू आहे, म्हणून ज-पुढे तो ज् होतो: उत् + ज्वल = उज्ज्वल. ड-पुढे ड्: उत् + डयन = उड्डयन. ल-पुढे ल्: उत् + लेख = उल्लेख, उत् + लंघन = उल्लंघन.

इथे फ्लेक्सवरच्या 'उज्वल'चा निकाल लागतो. 'ज्वल'मध्ये, म्हणजे ज्वाला आणि ज्वलन यांच्या मुळात, एक ज आधीच आहे. 'उत्'मधला त् नाहीसा झालेला नाही, त्याचा ज् झाला आहे. दोन व्यंजनं आत गेली, तर दोन बाहेर आली पाहिजेत. उज् + ज्वल, म्हणून उज्ज्वल. 'उज्वल' लिहिणं म्हणजे उपसर्गाचा अर्धा भाग पुसून टाकणं. गंमत म्हणजे 'उल्लेख'मधला एक ल कुणी गाळत नाही, कारण तिथे दोन्ही ल स्पष्ट ऐकू येतात. 'उज्ज्वल'मध्ये ज-च्या मागोमाग व असल्यानं तीन व्यंजनांची गर्दी होते आणि कान एक ज सोडून देतो.

'उध्वस्त'चंही तेच. उत् + ध्वस्त. ध मृदू, म्हणून त्-चा द् झाला आणि 'ध्वस्त' पूर्ण राहिला: उद्ध्वस्त. लिहायला तीन मजली, पण मोजणी पक्की: द्, ध्, व.

ही मोजणी संधीबाहेरही उपयोगी पडते. 'महत्व' की 'महत्त्व' हा वाद तिनेच मिटतो. महत् या शब्दात एक त्, त्व या प्रत्ययात दुसरा. इथे काही बदलत नाही, म्हणून दोन्ही त् टिकतात: महत्त्व. व्यक्तिमत्त्वातही तसंच. पण नेतृत्व, मातृत्व यांत पहिला भाग ऋ-वर संपतो, तिथे त् येतो तो फक्त प्रत्ययाचा. म्हणून तिथे एकच त. शंका आली की सगळीकडे दोन त ठोकून देणाऱ्यांनी एवढं पाहावं.

'तज्ज्ञ' हा शब्द मात्र मराठी माणसावर थोडा अन्याय करतो. मूळ जोडणी तत् + ज्ञ, म्हणजे ते जाणणारा. ज्ञ हे ज् आणि ञ यांचं जोडाक्षर. पुढे ज् आल्यानं त्-चा ज् होतो आणि शब्द तज्ज्ञ बनतो. पण मराठीत आपण ज्ञ-चा उच्चार 'द्न्य' असा करतो. त्यात ज ऐकूच येत नाही. मग त्याच्या आधी आणखी एक ज कशाला, असं वाटून लोक 'तज्ञ' लिहितात. कान इथे मदत करत नाही, सांधाच आठवावा लागतो.

दोन ठिकाणी तडजोड दोन्हीकडून होते. पुढे श आला तर त्-चा च् होतो आणि श-सुद्धा छ होतो: उत् + श्वास = उच्छ्वास. पुढे ह आला तर त्-चा द् आणि ह-चा ध: उत् + हार = उद्धार, उत् + हृत = उद्धृत. कुणाचं वाक्य उद्धृत करताना तो शब्द 'उधृत' असा लिहिला जातो, तिथे हाच द् गळालेला असतो. आणि एक लहानसा अपवाद: उत् + स्थान याचं 'उत्थान' होतं, स चक्क पडतो. अशा वेळी मोजणीचा नियम हात टेकतो.

एकाच शब्दात दोन्ही

'अत्युज्ज्वल' सोडवून बघा. एकदम तुकडे करायला गेलं तर गोंधळ होतो, म्हणून बाहेरून आत जायचं. सुरुवातीचं 'अत्यु' ओळखीचं आहे. त्य-वर जी मात्रा आहे ती दुसऱ्या शब्दाचा पहिला स्वर, म्हणजे उ. य काढला की मागे उरतो अति आणि पुढे उज्ज्वल. अति + उज्ज्वल, इ-समोर उ. ही स्वरसंधी. आता आतल्या 'उज्ज्वल'मध्ये दोन ज आहेत. दुसरा ज्वल-चा. पहिला कुणाचा? उत् + ज्वल, त्-चा ज्. ही व्यंजनसंधी. पूर्ण उत्तर: अति + उत् + ज्वल.

'सच्चिदानंद' थोडा वेगळा. सत् + चित् + आनंद. दोन सांधे आहेत आणि दोन्ही व्यंजनाचेच. पहिल्या सांध्यावर त्-पुढे च आहे, म्हणून तो च् झाला. दुसऱ्यावर त्-पुढे आ हा स्वर आहे, म्हणून द् झाला. एकच त् शेजारी बदलला की दोन रूपं घेतो, हे या एका शब्दात दिसतं.

कधी नियम दोन उत्तरं देतात. 'सदानंद' हे सत् + आनंद असंही सुटतं आणि सदा + आनंद असंही. पहिलं उत्तर व्यंजनसंधी, दुसरं स्वरसंधी. पहिल्याचा अर्थ खरा आनंद, दुसऱ्याचा नेहमीचा आनंद. इथे संधीचा नियम नव्हे, तर अर्थ आणि संदर्भ ठरवतात. 'सन्मान' आणि 'सम्मान' या वादातही कुणी एक खोटा नाही. सत् + मान केलं तर सन्मान, सम् + मान केलं तर सम्मान. मराठीत पहिला रुळला, हिंदीत दुसरा.

मराठीचा स्वतःचा सांधा

वरचं सगळं गणित संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, म्हणजे तत्सम शब्दांचं. ते प्रत्येक जोडणीवर लादायला गेलं तर हसू होतं. 'विद्युत' आणि 'उपकरण' जोडून नियमानं 'विद्युदुपकरण' होईल, पण विजेच्या दुकानात तो शब्द कुणी वापरत नाही. 'विद्युत उपकरण' असं सुटं लिहिलेलं चालतं. 'विद्युल्लता' मात्र जोडलेलीच आली आणि जोडलेलीच राहिली. नव्यानं शब्द जोडताना संधी करायलाच हवी असं नाही. पण केली, तर ती नियमात बसायला हवी.

आणि मराठीचे अस्सल शब्द जोडताना भाषा तिसराच मार्ग काढते. नदी + आत याचं यण-नियमानं 'नद्यात' व्हायला हवं. आपण म्हणतो 'नदीत'. दोन स्वरांपैकी पहिला राहिला, दुसरा सरळ गळाला. काही + असा = काहीसा, तेही तसंच. व्याकरणाची पुस्तकं याला पूर्वरूप संधी म्हणतात. कधी उलट होतं, पहिला गळतो आणि दुसरा राहतो. घर + ई = घरी, संस्कृतच्या हिशेबानं 'घरे' झालं असतं. ही पररूप संधी.

एक आणि एक जोडा. संस्कृत दोघांना मिसळून 'एकैक' करतं, कारण अ आणि ए मिळून ऐ. मराठी पहिला अ सोडून देते आणि म्हणते 'एकेक'.